निवडणुकीसाठी रजा मागताना: नोकरदार उमेदवार आणि कार्यकर्त्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती मुख्यतः खाजगी कंपनी, कारखाना, दुकान किंवा संस्थेत काम करणाऱ्या मराठवाड्यातल्या लोकांसाठी आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालन्याच्या स्टील रोलिंग मिल किंवा लातूरच्या एमआयडीसीत कामाला आणि मतदारयादीत नाव मात्र गावी, अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. गावात ग्रामपंचायत लागली की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो रजेचा. सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी आहे. ती सुरुवातीलाच उरकून घेऊ.

मी सरकारी नोकरीत आहे. रजा काढून निवडणूक लढवता येईल का?

नाही, रजा काढूनही लढवता येणार नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात. त्यानुसार निवडणूक लढवणं, प्रचार करणं किंवा वजन वापरणं यांना बंदी आहे, मतदान करता येतं. याशिवाय ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेच्या कायद्यांत शासनाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा नोकर सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक, ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा नगरपरिषदेचा लिपिक यांना लढायचंच असेल, तर राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्त झाल्याचा कागद अर्ज भरण्याआधी हातात हवा. राजीनामा नुसता देऊन ठेवला तर छाननीत हरकत येते आणि ती टिकते.

घरातल्यांना ही बंदी नाही. शिक्षकाची पत्नी सरपंचपदाला उभी राहू शकते, पण गुरुजींना तिच्यासाठी दारोदार फिरता येत नाही.

मानधनावर काम करणाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी ‘मी सरकारी नाही’ असं परस्पर ठरवू नये. आपल्या नेमणुकीचा आदेश घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे आधी विचारणा करावी. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे, तीही वाचून घ्यावी.

खाजगी कंपनीत निवडणुकीसाठी रजा मिळणं हा माझा हक्क आहे का?

‘निवडणूक रजा’ नावाचा वेगळा हक्क खाजगी नोकरीत नाही. तुमच्या खात्यात जी रजा शिल्लक आहे तीच मागायची, आणि ती संपली तर बिनपगारी. दुकानं आणि आस्थापनांच्या 2017 च्या महाराष्ट्र कायद्यात 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आणि कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 दिवस अर्जित रजा आहे. कारखान्यातही अर्जित रजेचं प्रमाण 20 ला 1 असंच आहे. ती लागू होण्यासाठी 1948 च्या कारखाना अधिनियमात वर्षाला 240 दिवस काम लागायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत ते 180 दिवस आहे.

कामाचा ताण पाहून मालक रजा नाकारू शकतो. कारखाना अधिनियमानुसार मात्र लेखी मागितलेली आणि नाकारलेली अर्जित रजा बुडत नव्हती, ती पुढच्या वर्षात शिल्लक धरली जायची. अर्ज तोंडी न करता लेखी करण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

‘आचारसंहिता लागली आहे, आता रजा देता येत नाही’ असं एचआर म्हणतं. खरं आहे का?

खाजगी कंपनीच्या रजेशी आचारसंहितेचा काही संबंध नाही. निवडणुकीच्या कामावर नेमले जाण्याची शक्यता असल्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा त्या काळात अडवल्या जातात. ते ऐकून कुणीतरी हा नियम कंपनीलाही लावलेला असतो. वाद न घालता ‘हा नियम आपल्या रजा नियमांत कुठे आहे ते दाखवाल का’ एवढंच विचारा.

खरं कारण लिहावं की ‘घरगुती काम’?

इथे उमेदवार आणि कार्यकर्ता यांच्यात फरक करावा लागतो.

तुम्ही स्वतः उमेदवार असाल तर कारण लपवू नका. नामनिर्देशनपत्रासोबतच्या शपथपत्रात तुमचा व्यवसाय आणि उत्पन्न लिहावं लागतं आणि तो कागद लोकांना पाहायला खुला असतो. विरोधी पॅनेलचा माणूस तुमच्याच लाइनवर काम करत असेल, तर दुपारच्या जेवणाआधी बातमी सुपरवायझरच्या मोबाइलवर पोचते. त्यात तुम्ही ‘आजारी’ म्हणून डॉक्टरचा दाखला जोडलेला असेल, तर प्रश्न निवडणुकीचा उरत नाही. खोटा दाखला दिल्याबद्दल तुमच्यावर गैरवर्तनाची नोटीस निघते. ती पूर्णपणे तुमच्या हाताने ओढवून घेतलेली असते.

तुम्ही नुसते प्रचाराला जात असाल तर ‘वैयक्तिक कामासाठी’ हे शब्द खरे आहेत आणि पुरेसेही आहेत. किरकोळ आणि अर्जित रजेसाठी यापेक्षा जास्त सांगायची गरज नसते. साहेबांनी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, पण पॅनेलचं नाव सांगायचीही गरज नाही.

पत्नी उमेदवार असते आणि रजा नवरा मागतो, असंही आपल्याकडे बरंच होतं. तिथे ‘कुटुंबातील सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार आहे’ एवढं एक वाक्य चालतं. (निवडून आल्यावर सभेला कुणी बसायचं हा प्रश्न रजेच्या अर्जात येत नाही, पण तोही घरात आधीच ठरलेला बरा.)

‘तटस्थ’ अर्ज म्हणजे नक्की काय?

जो अर्ज कोणत्याही पक्षाच्या साहेबाच्या टेबलावर गेला तरी त्याला रजेचे दिवस आणि कामाची सोय यांवरच निर्णय घ्यावा लागेल, तो तटस्थ अर्ज. त्यात पक्ष, पॅनेल, प्रभाग, आरक्षण, विरोधक, चिन्ह यांतलं काहीही नसतं. ‘समाजसेवेची तळमळ’, ‘गावाच्या आग्रहाखातर’ असली वाक्यंही नसतात. तुमच्या भावना खऱ्या असतील, पण अशा वाक्यानंतर रजा नाकारली तर समाजसेवेला विरोध केल्यासारखं दिसतं, आणि साहेबाला ते आवडत नाही.

ग्रामपंचायतीत हे सोपं जातं, कारण ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. नगरपरिषदेत आणि जिल्हा परिषदेत पक्षाचं नाव आपोआप जोडलं जातं, तिथे जास्त सांभाळावं लागतं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. नोकरी देणारा स्वतःच राजकारणात असतो. सहकारी साखर कारखाना, शिक्षण संस्था, पतसंस्था, बाजार समितीतला आडत्या यांपैकी कुणाचंही पाहा. संचालकांच्या पॅनेलविरुद्ध उभा राहणारा कारखान्यातला कर्मचारी रजा मागतो, तेव्हा तो अर्ज नुसता रजेचा अर्ज म्हणून कुणी वाचत नाही. गळीत हंगामाच्या तोंडावर निवडणूक आली तर ‘हंगाम चालू आहे’ हे नकाराचं खरं कारणही असतं आणि सोयीचंही. अशा ठिकाणी अर्ज जितका कोरडा, तितका तुमचा बचाव मजबूत. तो आवक विभागात देऊन पोच घ्या. मागच्या हंगामात त्याच खात्यात इतरांना किती दिवस रजा मिळाली, हे तुम्हाला माहीत असू द्या. अर्जात मात्र ते लिहू नका. नकार लेखी आला आणि वरच्या अधिकाऱ्याकडे जावं लागलं, तर तेव्हा ते कामी येईल.

किती दिवस मागावेत? अंदाजच येत नाही.

बहुतेक अर्ज इथेच चुकतात. लोक ‘पंधरा दिवस रजा हवी’ असं मोघम लिहितात आणि मग नको तेव्हा घरी असतात, हवं तेव्हा पाळीवर. निवडणुकीला टप्पे असतात, रजा त्या टप्प्यांनाच बांधावी. हिशेब कसा लागतो ते 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीवरून पाहू.

राज्य निवडणूक आयोगाने 4 नोव्हेंबर 2025 ला कार्यक्रम जाहीर केला. अर्ज 10 ते 17 नोव्हेंबर, छाननी 18 ला, माघार 21 पर्यंत. अपील असेल तिथे माघार 25 पर्यंत. चिन्हवाटप आणि अंतिम यादी 26 ला, मतदान 2 डिसेंबरला आणि मतमोजणी 3 डिसेंबरला ठरली होती.

समजा, वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मशीन ऑपरेटर असलेला माणूस आपल्या तालुक्याच्या गावी नगरसेवकपदाला उभा राहतोय. साप्ताहिक सुट्टी रविवारची. दिवाळी ऑक्टोबरातच झाल्यामुळे अर्जित रजेतले काही दिवस गेलेले, 9 उरलेत. किरकोळ रजा 3 शिल्लक.

अर्ज भरायला एक पूर्ण दिवस हवा. त्याने शुक्रवार, 14 नोव्हेंबर धरला. शेवटचा दिवस, म्हणजे सोमवार 17, मुद्दाम टाळला. त्या दिवशी रांग असते, आणि सूचकाची सही राहिली किंवा एखादा दाखला कमी पडला तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. छाननीच्या दिवशी, मंगळवारी 18 ला, हरकतीला उत्तर द्यायला स्वतः हजर राहणं शहाणपणाचं. हे दोन सुटे दिवस किरकोळ रजेत टाकले.

21 तारखेला रजा घेतली नाही. माघार त्याला घ्यायची नव्हती. इतरांना माघार घ्यायला लावण्याचं काम फोनवर आणि संध्याकाळी होतं, ते पहिल्या पाळीनंतर जमतं.

सलग रजा 26 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर. चिन्ह मिळाल्याशिवाय पत्रक छापता येत नाही, म्हणून खरा प्रचार तिथूनच. मधला रविवार 30 तारखेचा, आणि 2 डिसेंबर मतदानाची सुट्टी. उरले 6 दिवस, ते अर्जित रजेत. म्हणजे सगळी निवडणूक 2 किरकोळ आणि 6 अर्जित, अशा 8 दिवसांत बसली. पगार कापला गेला नाही आणि 3 दिवस अर्जित रजा हाताशी राहिली.

ग्रामपंचायतीचा कार्यक्रम याहून छोटा असतो. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत माघार 7 डिसेंबरला होती आणि मतदान 18 ला. वाडी-वस्त्या जवळ असतात, भावकीत फिरायला संध्याकाळ पुरते. तिथे सलग रजा शेवटच्या चार-पाच दिवसांचीच मागितली तरी चालतं.

पण पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा नियम आहे. तोपर्यंत तर मी अर्जही भरलेला नसतो!

वरच्या उदाहरणात 26 नोव्हेंबरपासूनच्या रजेसाठी 15 दिवस आधी म्हणजे 11 नोव्हेंबरला अर्ज द्यावा लागतो. कारखान्यांत हा 15 दिवसांचा नियम कारखाना अधिनियमापासून रुळलेला आहे. त्या दिवशी नामनिर्देशनपत्र भरलेलं नाही, छाननी व्हायची आहे, माघार घ्यावी लागेल की नाही हेही माहीत नाही. लोक थांबतात, 21 तारखेला सगळं नक्की झाल्यावर अर्ज देतात, आणि ‘वेळेत कळवलं नाही’ या एका ओळीवर रजा नाकारली जाते.

यावर उपाय म्हणजे अर्ज सशर्त लिहायचा. ‘नामनिर्देशनपत्र वैध ठरल्यास आणि उमेदवारी कायम राहिल्यास’ ही अट घालून तारखा मागायच्या. आणि अर्ज बाद झाला किंवा माघार घेतली तर दुसऱ्या दिवशी कामावर हजर होईन, असं स्वतःहूनच लिहायचं. सुपरवायझरला बदली माणूस लावायला वेळ मिळतो, तुमची तारीख चुकत नाही. माझ्या मते रजेच्या अर्जातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य.

त्याच अधिनियमात वर्षातून तीनदाच अर्जित रजा घेण्याची मर्यादा होती आणि अनेक कंपन्यांच्या नियमांत ती अजून तशीच आहे. सुट्या दिवसांसाठी किरकोळ रजा वापरायची ती यासाठीच. नाहीतर एकेका दिवसात तीन वेळा संपतात आणि प्रचाराच्या आठवड्याला काही उरत नाही.

अर्जाचा नमुना मिळेल का?

हा घ्या. कंसातलं आपल्यानुसार भरा, पण वाक्यं वाढवू नका.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> (कंपनीचे नाव)
>
> विषय: रजा मिळण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी (विभाग) विभागात (पद) या पदावर कार्यरत असून माझा कर्मचारी क्रमांक (…) आहे. मी माझ्या रहिवासी क्षेत्रातील स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार म्हणून सहभागी होत आहे. हा सहभाग पूर्णपणे वैयक्तिक आहे.
>
> त्यासाठी मला दि. 14 आणि 18 नोव्हेंबर रोजी किरकोळ रजा आणि, नामनिर्देशनपत्र वैध ठरून उमेदवारी कायम राहिल्यास, दि. 26 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या काळात अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. उमेदवारी कायम न राहिल्यास सलग रजा रद्द समजावी, मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहीन. निवडणूक कार्यक्रमात बदल झाल्यास त्याच दिवशी लेखी कळवीन.
>
> माझ्या अनुपस्थितीत माझे काम (सहकाऱ्याचे नाव) पाहतील, त्यांची संमती घेतली आहे. या काळात कंपनीचे नाव, गणवेश, वाहन, फोन किंवा इतर साधने मी निवडणुकीच्या कामासाठी वापरणार नाही.
>
> सोबत: निवडणूक कार्यक्रमाची प्रत.
>
> आपला / आपली,
> (नाव, सही, दिनांक)

शेवटचं आश्वासन कुणी मागितलेलं नसतं, तरी लिहावं. कंपनीला खरी भीती असते ती कंपनीच्या टी-शर्टातला फोटो बॅनरवर जाण्याची. आपल्याकडे बॅनरवाले जुना फोटो उचलतात आणि खिशावरचा लोगो तसाच राहतो. छपाईआधी तेवढं बघा. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही प्रचार टाकू नका, मग तो ग्रुप कामगारांनीच काढलेला का असेना.

मतदानाच्या दिवशी वेगळी रजा लागते का?

सहसा लागत नाही. स्थानिक निवडणुकीतही त्या क्षेत्रातल्या मतदार कामगारांना भरपगारी सुट्टी देण्याचा आदेश राज्य सरकार काढतं. मतदार त्या क्षेत्रातला असला की झालं, कंपनी बाहेर असली तरी सुट्टी मिळते. जिथे काम थांबवणं शक्यच नसतं, तिथे दोन-तीन तासांची सवलत दिली जाते. भट्टीवर किंवा बॉयलरवर असणाऱ्या उमेदवाराला दोन तास कसे पुरणार? त्याने त्या दिवसाची रजा आधीच मागून ठेवावी. मंजुरीपत्रात तो दिवस रजेत धरलाय की सुट्टीत, हे मात्र तपासा, नाहीतर एक दिवस उगाच खात्यातून कापला जातो.

निवडणुकीची तारीखच बदलली तर?

2025 मध्ये तेच झालं. अपिलांच्या कारणाने काही ठिकाणचं मतदान ऐन प्रचारात 20 डिसेंबरवर गेलं. बाकी ठिकाणी 2 डिसेंबरला मतदान झालं, पण त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मतमोजणी 21 डिसेंबरला एकत्र घ्यायला सांगितली. 3 तारखेला गुलाल उधळायच्या तयारीत असलेले उमेदवार अठरा दिवस लटकले.

वरच्या ऑपरेटरने काय करावं? 2 तारखेलाच सुपरवायझरला फोन करून आणि एचआरला मेल टाकून 3 तारखेची रजा रद्द करायची आणि कामावर जायचं. 21 डिसेंबर रविवार होता, त्यामुळे त्या दिवसाला रजाच लागली नाही. ज्याचं मतदान 20 तारखेवर गेलं, त्याच्यासाठी गणित अवघड. त्याने सुरुवातीची रजा मध्येच थांबवून कामावर परत यावं आणि उरलेले दिवस 20 डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यासाठी नव्याने मागावेत. ‘आता घरीच आहे तर राहतो’ असं केलं की शेवटचा आठवडा बिनपगारी होतो किंवा मिळतच नाही.

रजा मंजूर नाही झाली आणि तरी मी गेलो तर?

कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत सलग 10 दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं आहे. त्याआधीही बिनपगारी तर होतंच, हजेरी बोनस जातो. गैरहजेरीत असताना तुमचे प्रचाराचे फोटो फेसबुकवर असतात, म्हणजे चौकशीत पुरावा तुम्हीच पुरवलेला असतो.

नकार आला तर आधी कमी मागून पाहा. सहाऐवजी शेवटचे तीन दिवस, किंवा पाळी बदलून घ्या. पहिल्या पाळीवर दुपारी सुटलात तर संध्याकाळचा प्रचार हाताशी राहतो, आणि गावात तसाही दिवसा माणूस घरी सापडत नाही, तो शेतात असतो.

मी ठेकेदारामार्फत कामाला आहे. अर्ज कुणाला द्यायचा?

ठेकेदाराला, कारण तुमचा मालक तो आहे. कंपनीच्या सुपरवायझरला फक्त प्रत द्या. कंत्राटी कामगाराचा धोका वेगळा असतो. रजा नाकारत कुणी नाही, पण आठ दिवसांनी गेलात तर गेटपास बंद आणि मस्टरवर दुसऱ्याचं नाव. त्यामुळे ठेकेदाराच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर तरी ‘या तारखेला परत घेतो’ असा मजकूर घेऊन ठेवा.

आम्ही छोटे उद्योजक आहोत. एकाच विभागातले दोघे एकमेकांविरुद्ध उभे आहेत आणि दोघांनाही रजा हवी आहे.

हे घडतं, विशेषतः एका गावातली माणसं एकमेकांच्या ओळखीने कामाला लागलेली असतात तिथे. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, तर कारण कितीही खरं असलं तरी गावात तुमचं पॅनेल ठरून जातं. ज्याचा अर्ज आधी आला त्याला प्राधान्य, हा एरवी रास्त नियम इथे लावू नका. दोघांना सारखे दिवस द्या, कमी द्यायचे तर दोघांना कमी द्या, आणि बाहेरून तात्पुरता माणूस घ्या.

कुठल्या पक्षाचा, कुठल्या पॅनेलचा, हे विचारू नका. तोंडीसुद्धा नको. मंजुरीपत्र असं पुरे: ‘आपल्या दि. … च्या अर्जानुसार दि. … ते … या काळात … रजा मंजूर करण्यात येत आहे. उमेदवारी कायम न राहिल्यास सलग रजा रद्द होईल. दि. … रोजी आपल्या नियमित पाळीवर हजर व्हावे.’ शुभेच्छा लिहू नका. एकाला लिहिल्या की त्याचा स्क्रीनशॉट प्रचारात फिरतो.

निकालानंतर रजा लागते का?

लागते आणि लोक विसरतात. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत सादर करावा लागतो. हरलेल्यांनाही. निकाल 21 डिसेंबरला लागला असेल तर मुदत 20 जानेवारीला संपते. ग्रामपंचायतीत हिशेब न दिल्याबद्दल 5 वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. पावत्या रोजच्या रोज लावल्या असतील तर अर्धा दिवस पुरतो. शिलकीतली एक किरकोळ रजा त्यासाठी राखून ठेवावी.

निवडून आलो तर नोकरी सोडावी लागेल का?

खाजगी नोकरीत कायद्याने सोडावी लागत नाही. पण नेमणूकपत्र काढून वाचा. त्यात दुसरं मानधनाचं पद घेण्याआधी परवानगी घ्यावी असं कलम बरेचदा असतं आणि सरपंचाला मानधन असतं. शिवाय तुमची कंपनी त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर तिच्या करआकारणीचा किंवा परवानगीचा विषय सभेपुढे येऊ शकतो. असा विषय आल्यास चर्चेत भाग घेणार नाही, असं कंपनीला एका पत्राने आधीच कळवून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर ग्रामपंचायतीची सभा महिन्यातून किमान एकदा होते आणि परवानगीशिवाय सलग सहा महिने गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जातं. ग्रामसभा वर्षातून किमान चार. त्या बरेचदा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा सुट्टीच्या दिवशी लागतात, तिथे रजेचा प्रश्न येत नाही. मासिक सभेची वेळ मात्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याशी बोलून तुमच्या पाळीनंतरची किंवा साप्ताहिक सुट्टीची धरता येते का ते पहिल्याच सभेत विचारा. सरपंच झालात तर हे एवढ्यावर भागणार नाही. तालुक्याला पंचायत समितीत, बँकेत, तहसीलला चकरा असतात आणि त्या सगळ्या कामाच्या दिवशीच असतात. कायम पहिली पाळी किंवा कायम रात्रपाळी मिळेल का, हे निकालाच्या आठवड्यातच एचआरशी बोलून घ्या.